मोडी कागदाचे छायाचित्रावरून लिप्यंतर

लिप्यंतर म्हणजे मोडी लिपीतील हस्तलिखित छायाचित्रावरून अक्षरशः देवनागरीत उतरवून घेणे. भाषांतर ही त्यानंतरची, वेगळी पायरी आहे. दोन्ही कामे एकाच दमात उरकली की वाचलेले काय आणि समजून घेतलेले काय, हे नंतर कुणालाच वेगळे काढता येत नाही. मावळात घरोघरी जपलेले जमिनीचे, वतनाचे आणि देण्याघेण्याचे जुने कागद बहुधा मोडीतच आहेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी सर्वांना कळली.

मोडी ही बोरू न उचलता लिहायची लिपी. आधी डोक्यावरची रेघ पानभर ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लटकवत जायची. शब्द सुटे पडत नाहीत, विरामचिन्हे नसतात, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही, अनुस्वार अनेकदा गाळलेला असतो. स्वरचिन्ह लागले की काही अक्षरांचा आकारच बदलतो, ‘र’चा तर फारच. म्हणून छापील मुळाक्षरांचा तक्ता सुरुवातीपुरता पुरतो. पुढे त्याच लेखकाच्या हातचा तक्ता करावा लागतो: कागदावरचे खात्रीचे शब्द आधी वाचायचे, गावाचे नाव, तिथी, ‘मौजे’, ‘येथील’, आणि त्यांतील अक्षरे कापून एका ओळीत मांडायची. अडलेले अक्षर याच ओळीशी ताडून पाहावे.

छायाचित्र काढताना कागद सपाट ठेवून बरोबर वरून टिपावा. आधी चारही कडा दिसतील असे संपूर्ण पान, मग एकमेकांवर थोडे चढणारे जवळचे तुकडे, आणि पाठ कोरी दिसली तरी पाठसुद्धा. मागची शाई पुढे उमटली असेल तर तिचे फराटे काना-मात्रांसारखे दिसतात. अशा वेळी पाठीचे चित्र आरशासारखे उलटवून पुढच्या बाजूवर ठेवले की कोणती रेघ मागची आहे ते लगेच कळते. घडीवर अक्षर तुटले असेल तर उजेड एका बाजूने, तिरपा पाडून दुसरे चित्र घ्यावे. बोरूने दाबलेली खूण शाई उडाल्यावरही कधी कधी सावलीत दिसते.

उतरवताना ओळीला ओळ ठेवावी आणि ओळींना आकडे द्यावेत. पहिल्या प्रतीत शब्दही तोडू नयेत, कारण तोडणे हाच अर्थ लावण्याचा पहिला टप्पा आहे. शुद्धलेखन सुधारण्याचा मोहही आवरावा. संक्षेप जसेच्या तसे ठेवावेत. मोडीत शब्द आखूड करण्यासाठी पुढे दोन काने देतात: ‘राा’ म्हणजे राजश्री, ‘ताा’ म्हणजे तर्फ, ‘माा’ म्हणजे बहुधा मशारनिल्हे, म्हणजे ‘वर सांगितलेला’. नवखा वाचक ‘माा’ला माणसाचे नाव समजतो आणि भाषांतरात एक नसलेला वारस उभा राहतो. तशाच दोन उभ्या रेघा आकड्यापुढे आल्या तर त्यांचा अर्थ अर्धा होतो: ‘५॥’ म्हणजे साडेपाच. एक रेघ पाव, तीन रेघा पाऊण. रेघा मोजताना मागची उमटलेली शाई धरली गेली तर जमीन पाव बिघ्याने वाढते.

एक नमुना घेऊ. समजा पहिल्या ओळीत ‘मौजेकुसगावताा’ एवढे स्वच्छ दिसते, मग घडीवर साधारण दोन-तीन अक्षरांची जागा गेली आहे आणि पुढे ‘मावळयेथीलजमीनबिघे५॥’ आहे. मावळ तालुक्यात कुसगाव एक नाही. कुसगाव बुद्रुक लोणावळ्याला लागून आहे, कुसगाव खुर्द निराळे आणि पवन मावळातले कुसगाव आणखी निराळे. या कागदावर बुद्रुक-खुर्द लिहिलेले नाही, तेव्हा गाव ओळखायला त्या दोन-तीन अक्षरांचाच आधार. तिथे ‘नाणे’ असेल किंवा ‘पवन’, ‘आंदर’ही अशक्य नाही. घडीच्या उजव्या काठाला ‘णे’ची खात्रीची शेपटी उरली असेल तर ‘ताा [ना]णे मावळ’ असे लिहावे. चौकोनी कंसातले अक्षर वाचकाने भरलेले, बाहेरचे कागदावरचे. शेपटी ‘णे’सारखी वाटते पण खात्री नाही, तर ‘ताा [नाणे?] मावळ’. काहीच उरले नसेल तर ‘ताा [सुमारे २-३ अक्षरे, घडीवर गेली] मावळ’. कागद लोणावळ्याजवळच्या घरात सापडला म्हणून तिथे ‘नाणे’ लिहिणे ही चूक आहे. कागद लग्नात, वाटणीत, गहाणात गावे बदलतात, आणि तो कोणत्या कुसगावचा हेच तर त्याच्यावरून ठरवायचे असते.

न लागलेला शब्द का लागला नाही, तेही लिहावे. कागद फाटून अक्षर गेले, अक्षर आहे पण ओळखता येत नाही, आणि अक्षरे स्पष्ट आहेत पण शब्दाचा अर्थ माहीत नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला उपाय म्हणजे दुसरी प्रत, दुसरीला अधिक चांगले छायाचित्र किंवा अधिक सराईत डोळा, तिसरीला कोश. तिन्हींना एकच ‘अवाच्य’ शिक्का मारला तर पुढच्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळत नाही.

अंदाज तपासायला कागदातच साधने असतात, त्यांत कालगणना सर्वांत भरवशाची. पेशवाईतील कागदांत सुहूर सन अरबी संख्याशब्दांत येतो. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७६. हा सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो आणि त्यात ५९९ मिळवले की तो सुरू झाल्याचे इसवी साल मिळते: १७७५. आता पहिला शब्द ‘सीत’ की ‘सबा’, म्हणजे सहा की सात, असा पेच पडला आणि त्याच कागदावर ‘शके १६९७ मन्मथनाम संवत्सर, आश्विन’ वाचता आले, तर तो महिना १७७५ च्या शरदातला. ‘सबा’ धरले तर सन १७७६ च्या मृगात सुरू होईल, म्हणून ‘सीत’च खरे. इथे कंस किंवा प्रश्नचिन्ह नको, तळटीप मात्र हवी, कारण हे वाचन डोळ्याने नव्हे, हिशेबाने झाले आहे.

भाषांतर आजच्या मराठीत असो वा इंग्रजीत, लिप्यंतरातील प्रत्येक कंस आणि प्रत्येक प्रश्नचिन्ह त्याच जागी उतरले पाहिजे. वाक्य गुळगुळीत व्हावे म्हणून रिकामी जागा बुजवणारा भाषांतरकार कागदात भर घालतो, आणि तलाठ्यापासून न्यायालयापर्यंत पुढे कुणीही मूळ मोडी पाहत नाही, भाषांतरच पाहतो. खोडतोड, ओळींमध्ये मागाहून घातलेला शब्द, समासातील मजकूर, शिक्का, यांचीही जागा सांगावी. काम झाल्यावर दुसऱ्या जाणकाराने पहिले वाचन न पाहता कागद वाचावा, मग दोन्ही प्रती ताडाव्यात. जिथे वाचन जुळत नाही तिथे दोन्ही वाचने छापावीत.

ज्यांच्या घरात असे कागद आहेत त्यांनी ते प्लॅस्टिकमध्ये पक्के करू नयेत, घडीवर चिकटपट्टी लावू नये, आणि लिप्यंतर हाती आले म्हणून मूळ कागद टाकूनही देऊ नये. आज न लागलेले अक्षर परत वाचायची जागा तोच कागद आहे.