टीव्हीत ‘पीसीएम’ ठेवायचं की ‘पासथ्रू’? पाच स्पीकर असूनही आवाज दोनच चॅनलचा का येतो

होम थिएटरचा रिसीव्हर घरी आला, पाच स्पीकर आणि सबवूफर भिंतीला लागले, टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत एक एचडीएमआय केबल गेली. आवाजही येतो, मागच्या स्पीकरमधूनही येतो. तरीही बऱ्याच घरांत प्रत्यक्षात वाजत असतो तो साधा दोन चॅनलचा स्टीरिओच. दोष स्पीकरचा किंवा केबलचा नसतो. टीव्हीच्या साउंड मेनूमधली एक ओळ त्याला कारणीभूत असते. काही टीव्हींवर तिचं नाव Digital Output Audio Format असतं, काहींवर Digital Sound Output. तिच्यात साधारण तीन पर्याय दिसतात: PCM, Auto आणि Pass Through.

आधी या दोन शब्दांमागचा फरक बघू. ओटीटीवरच्या चित्रपटाचा ५.१ आवाज दाबून, बांधून पाठवलेला असतो, बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल प्लस या प्रकारात. हे पार्सल कुणीतरी उघडावं लागतं. पीसीएम निवडलं तर टीव्ही ते स्वतः उघडतो आणि आतला आवाज सुट्टा करून रिसीव्हरला देतो. पासथ्रू निवडलं तर टीव्ही पार्सलला हात लावत नाही. जसं आलं तसं पुढे ढकलतो आणि उघडण्याचं काम रिसीव्हर करतो.

आता खरी गोम. सुट्टा माल जागा जास्त घेतो. दोन चॅनलचा पीसीएम आवाज सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, असा धरला तर सेकंदाला सुमारे १५ लाख बिट होतात. सहा चॅनलसाठी हाच आकडा ४६ लाखांवर जातो. याउलट डॉल्बी डिजिटलचं सहा चॅनलचं पार्सल जास्तीत जास्त ६.४ लाख बिटमध्ये बसतं. टीव्हीचा आवाज उलट्या दिशेने रिसीव्हरकडे नेणारी एआरसी ही वाट, तसंच जुनी ऑप्टिकल केबल, पीसीएमचे दोनच चॅनल नेऊ शकते. म्हणून एआरसीवर पीसीएम ठेवलं की टीव्ही ५.१ चं पार्सल उघडतो, सहा चॅनल एकमेकांत मिसळून दोन करतो आणि तेच पाठवतो. एकदा मिसळलेलं रिसीव्हरला पूर्वीसारखं वेगळं करता येत नाही.

मग मागचे स्पीकर वाजतात कसे? रिसीव्हरमध्ये दोन चॅनलवरून अंदाजाने सराउंड तयार करणारे मोड असतात, सगळ्या स्पीकरना तोच स्टीरिओ वाटून देणारे मोडही असतात. ते चालू असले की खोली भरल्यासारखी वाटते. त्यामुळे कानावर विसंबू नका. रिसीव्हरच्या रिमोटवर Info, Display किंवा Status असं बटण असतं, ते दाबा. आत येणारा सिग्नल कुठला हे पट्टीवर दिसतं. पावती तीच. इन्स्टॉलेशनवाला माणूस घरातून निघण्याआधी हे एकदा त्याच्याकडूनच करून घ्यावं.

एक उदाहरण पूर्ण चालवून पाहू. टीव्हीला फक्त एआरसी आहे, ईएआरसी नाही. रिसीव्हर ५.१ चा आहे आणि त्याला डॉल्बी डिजिटल प्लस कळतं. केबल टीव्हीच्या ARC लिहिलेल्या पोर्टमधून रिसीव्हरच्या ARC लिहिलेल्या HDMI OUT ला गेली आहे. टीव्हीतल्याच ॲपवर ५.१ असं चिन्ह असलेला चित्रपट लावला. सेटिंग PCM वर आहे, तर पट्टीवर PCM आणि दोन चॅनल दिसतील. आता चित्रपट थांबवून सेटिंग Pass Through करा आणि पुन्हा सुरू करा. पट्टीवर Dolby Digital Plus किंवा Dolby D+ असं काही आलं, की सहाही चॅनल वेगवेगळे पोचले. सुरुवातीला क्षणभर आवाज येत नाही, कारण रिसीव्हर नवा प्रकार ओळखत असतो. त्यात पहिल्या संवादाचं एखादं अक्षर खाल्लं गेलं तर तो बिघाड समजू नये.

याच घरात पासथ्रू करूनही बातम्या लावल्या की पट्टीवर पुन्हा PCM दिसेल. दुकानदाराला फोन करायची गरज नाही. कित्येक वाहिन्यांचा आवाज मुळातच स्टीरिओ असतो आणि तो टीव्ही पीसीएम करूनच पाठवतो. मात्र सिनेमाच्या एचडी वाहिनीवरही तसंच दिसत असेल तर सेट-टॉप बॉक्सचा स्वतःचा ऑडिओ मेनू बघा. तिथेही पीसीएमची निवड असू शकते, आणि बॉक्सनेच दोन चॅनल दिले तर टीव्ही सहा कुठून आणणार? पेन ड्राइव्ह, ब्लू-रे प्लेअर, गेम कन्सोल यांनाही हाच नियम. साखळीतला पहिला कोण, तिथून तपासत यावं.

पासथ्रू नेहमी बरोबरच, असं मात्र नाही. रिसीव्हर जुना असेल आणि त्याला फक्त साधं डॉल्बी डिजिटल कळत असेल, तर डॉल्बी डिजिटल प्लसचं पार्सल त्याला उघडता येत नाही आणि पूर्ण शांतता पसरते. ऑप्टिकल केबलवरूनही डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. अशा वेळी Auto वापरून बघा. त्यात टीव्ही साधारणपणे समोरच्या यंत्राला काय कळतं ते विचारतो आणि गरज पडल्यास प्लसचं साध्या डॉल्बीत रूपांतर करून देतो. चॅनल सहाच राहतात. प्रत्येक कंपनीचा Auto थोडा वेगळा वागतो, त्यामुळे निर्णय पुन्हा पट्टी बघूनच घ्यायचा.

दुसरी गोष्ट, जुन्या स्टीरिओ ॲम्प्लिफायरला टीव्ही जोडण्यासाठी ऑप्टिकलमधून लाल-पांढरी पिन काढणारी छोटी डबी मिळते. स्वस्त डब्यांना बहुधा फक्त पीसीएम समजतं. तिथे पासथ्रू ठेवलं तर आवाज येत नाही किंवा पाऊस पडल्यासारखा खरखराट येतो. हा खरखराट ऐकून बरेच लोक डबी बदलून आणतात. टीव्हीत PCM केलं की तो जातो. स्पीकर दोनच असतील तर पीसीएमने तुमचं काही नुकसानही होत नाही.

टीव्ही आणि रिसीव्हर दोघांनाही ईएआरसी असेल तर वाट रुंद असते; पीसीएमचे आठ चॅनलपर्यंत जाऊ शकतात. तरी अॅटमॉसवाल्यांनी पासथ्रूच ठेवावं. ओटीटीवरचा अॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसच्या पार्सलमध्येच जास्तीची माहिती घालून येतो. कुठला आवाज खोलीत कुठे ठेवायचा, हे त्या माहितीत असतं. टीव्हीने पार्सल उघडून साधा पीसीएम दिला की ही माहिती गळते आणि छताचे स्पीकर अंदाजावर वाजतात. जमेची बाजू अशी की हेच पार्सल साध्या एआरसीवरूनही जातं, त्यामुळे केवळ ओटीटीवरच्या अॅटमॉससाठी नवा टीव्ही घ्यायची गरज नसते.

पासथ्रू केल्यावर टीव्हीतले बास, इक्वलायझर, संवाद ठळक करण्याचे पर्याय बहुतेक वेळा चालत नाहीत, कारण टीव्ही आवाजाला हातच लावत नाही. ती कामं आता रिसीव्हरच्या मेनूत करायची. संवाद दबलेले वाटले तर तिथे सेंटर स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. ओठ आणि आवाज मागेपुढे झाले तर टीव्हीतला Digital Output Audio Delay किंवा रिसीव्हरमधला Lip Sync हा पर्याय थोडा थोडा बदलत जा. आवाज चित्राच्या आधी येत असेल तर आकडा वाढवायचा, मागे पडत असेल तर कमी करायचा.