तरुण प्रौढांमधील रक्तमेद तपासणी

तरुण प्रौढांमधील रक्तमेद तपासणी म्हणजे हृदयविकाराची कोणतीही लक्षणे नसताना तरुण वयात रक्तातील मेदांचे प्रमाण मोजणे. 'लिपिड प्रोफाइल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड यांचे प्रमाण कळते. तपासणी कोणत्या वयात सुरू करावी आणि किती वर्षांनी पुन्हा करावी, हे मुख्यतः कौटुंबिक इतिहासावर अवलंबून असते.

== प्रारंभाचे वय ==

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली तपासणी वयाच्या १८व्या वर्षी करावी. कुटुंबात अकाली हृदयविकार किंवा आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असल्यास ती त्याआधीच करावी. वडील वा सख्खा भाऊ यांना ५५ वर्षांपूर्वी, किंवा आई वा सख्खी बहीण यांना ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार झाल्यास तो सामान्यतः अकाली मानला जातो.

लहान वयातील तपासणीबाबत मतभेद आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना ९ ते ११ या वयात सर्वच मुलांची तपासणी सुचवते. त्याच देशातील प्रतिबंधात्मक सेवा कृतिदलाने मात्र २०२३ मध्ये २० वर्षांखालील सरसकट तपासणीस पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले.

== आनुवंशिक कारण ==

आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल या विकारात यकृताला रक्तातील एलडीएल पुरेसे उचलता येत नाही, त्यामुळे ते जन्मापासूनच वाढलेले राहते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. उपचार सुरू नसलेल्या प्रौढात एलडीएल १९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक आढळल्यास या विकाराची शंका घेतली जाते.

कोल्हापूरसह दक्षिण महाराष्ट्रातील अनेक समाजांत आते-मामे भावंडांच्या विवाहाची प्रथा आहे. अशा विवाहात पतिपत्नी दोघांकडेही एकाच पूर्वजाचा सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष जनुके मिळण्याची शक्यता चारात एक असते. या तीव्र प्रकारात बालपणीच कोपर, गुडघे व टाचेच्या शिरेवर पिवळसर मेदगाठी दिसू शकतात आणि हृदयविकारही होऊ शकतो. अशा मुलांची तपासणी प्रौढ वयाची वाट न पाहता करावी लागते.

== उदाहरण ==

कोल्हापुरातील एका काल्पनिक कुटुंबात वडिलांना ४६व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, असे समजू. त्यांचे सध्याचे एलडीएल ७० आहे. परंतु ते स्टॅटिन गोळ्यांमुळे कमी झालेले असल्याने त्यावरून आनुवंशिक दोष नाही असा निष्कर्ष निघत नाही. यासाठी गोळ्या सुरू होण्यापूर्वीचा अहवाल शोधावा लागतो.

त्यांच्या १९ वर्षांच्या मुलीचे एकूण कोलेस्टेरॉल २९०, एचडीएल ४५ आणि ट्रायग्लिसराइड १५० आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल व ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ४५ आणि ३०, वजा केल्यास एलडीएल २१५ येते. हा आकडा पुन्हा तपासून निश्चित केला जातो. अवटु ग्रंथीची मंदता, मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार आणि काही औषधे यांमुळेही एलडीएल वाढते. म्हणून आधी ही कारणे वगळली जातात. त्यानंतर आनुवंशिक विकाराचे निदान व उपचार यांचा विचार होतो. पुढे गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांना आधी कळवावे लागते, कारण गरोदरपणात स्टॅटिन सहसा बंद ठेवतात.

२२ वर्षांच्या मुलाचे एलडीएल ११० आहे. त्याच्यात हा विकार असण्याची शक्यता कमी ठरते. तरीही वडिलांच्या अकाली आजाराचा धोका त्याच्या बाबतीत पूर्णपणे संपत नाही. लायपोप्रोटीन-ए हा मुख्यतः जनुकांनी ठरणारा घटक एलडीएल सामान्य असतानाही वाढलेला असू शकतो. तो प्रौढपणी फारसा बदलत नसल्याने आयुष्यात एकदा मोजणे सहसा पुरेसे असते.

== पुनर्तपासणीचा कालावधी ==

अहवाल सामान्य असून कौटुंबिक इतिहास नसल्यास सुमारे पाच वर्षांनी तपासणी पुन्हा करतात. कौटुंबिक इतिहास, मधुमेह, धूम्रपान किंवा सीमारेषेवरील आकडे असल्यास डॉक्टर हा कालावधी कमी करतात. मात्र त्यासाठी सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. उपचार सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी आणि त्यानंतर ३ ते १२ महिन्यांच्या अंतराने मोजणी होते.

== मर्यादा ==

पहिल्या तपासणीसाठी उपाशी राहणे बहुधा आवश्यक नसते. तथापि भरपेट जेवणानंतर ट्रायग्लिसराइड वाढते आणि ते ४०० च्या वर गेल्यास वरील वजाबाकी विश्वसनीय राहत नाही. अशा वेळी उपाशीपोटी तपासणी पुन्हा करतात किंवा एलडीएल थेट मोजतात. तीव्र आजारात एलडीएल तात्पुरते घटते, तर गरोदरपणात वाढते. त्यामुळे त्या काळातील आकड्यांवरून कौटुंबिक विकार ठरवला जात नाही.