वायुवेगमापन व हवेची घनता

हवेत चालणाऱ्या विमानाचा वेग मोजण्यासाठी, प्रवाहाला तोंड करून ठेवलेल्या एका अरुंद नळीचा उपयोग करतात. तिला पिटो नलिका म्हणतात. समोरून येणारी हवा नळीच्या तोंडाशी थबकते, तिची गती नाहीशी होते व त्या प्रमाणात तेथील दाब वाढतो. हा स्तब्ध दाब आणि आजूबाजूच्या हवेचा स्थिर दाब यांतील फरक म्हणजे गतिक दाब होय. तो हवेची घनता व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. म्हणून घनता ठाऊक असल्याखेरीज या दाबावरून खरा वेग काढता येत नाही.

मूळ उपकरणात ही अडचण नव्हती. फ्रेंच अभियंते आंरी पिटो यांनी १७३२ मध्ये सीन नदीचा वेग मोजण्यासाठी काटकोनात वाकवलेली नळी वापरली. खोलीबरोबर नदीचा वेग वाढतो, ही तत्कालीन समजूत तिने खोटी ठरविली. सेकंदाला १ मी. वेगाच्या पाण्यात नळीतील पाणी सु. ५ सेंमी. चढते. येथे वाहते तेही पाणी व नळीत चढते तेही पाणीच. त्यामुळे घनता दोन्ही बाजूंनी रद्द होते. हेच हवेत करावयाचे म्हटल्यास ताशी १०० मैल (सु. १६१ किमी.) वेगासाठी सु. १०२ मी. उंचीचा हवेचा स्तंभ लागेल. पाण्याच्या स्तंभाने मोजल्यास तोच दाब सु. १२५ मिमी. भरतो, कारण पाणी हवेच्या सु. ८१६ पट घन असते. स्तंभ पाण्याचा व प्रवाह हवेचा झाला, की घनतेचे गुणोत्तर हिशेबात येतेच. विमानात पाण्याच्या स्तंभाऐवजी पातळ धातूची डबी दाबाने फुगते व काटा फिरविते; हिशेब मात्र तोच राहतो.

वेगदर्शकाची तबकडी समुद्रसपाटीवरील १५° से. तापमानाची कोरडी प्रमाण हवा, म्हणजे दर घन मीटरला १.२२५ किग्रॅ. घनता, गृहीत धरून आखलेली असते. मुंबईत अशी हवा क्वचितच लाभते. जुहू येथील धावपट्टी १९२८ पासून वापरात आली. तेथे ३०° से. तापमानाच्या दमट हवेची घनता सु. १.१५ भरते. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असल्याने दमटपणामुळे घनता कमी होते, वाढत नाही. सर्वसामान्य समजूत नेमकी उलट आहे. या हवेत काटा ताशी १०० मैल दाखवीत असेल, तर खरा वेग सु. १०३ मैल असतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला पस मॉथ विमानातून टपाल आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमानात रेडिओ नव्हता. वेग, वेळ व दिशा यांवरून स्थान ठरवावे लागे. अहमदाबाद ते मुंबई हे सरळ अंतर सु. ४४० किमी. आहे. वारा बाजूस ठेवला, तरी वरील ३ टक्क्यांच्या फरकामुळे या टप्प्यात सु. १४ किमी. चूक पडते. उंचावर ती वाढते : ३,००० मी. उंचीवर प्रमाण हवेतही काट्यावरचे १०० मैल म्हणजे प्रत्यक्षात सु. ११६ मैल. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जाई, तेव्हा टपालसेवा पुण्याच्या येरवड्याला हलवावी लागे. येरवडा सु. ५६० मी. उंचीवर असल्याने तेथे २५° से. तापमानातही घनता सु. १.१० भरते व दुरुस्ती जुहूपेक्षा मोठी येते.

मात्र ही चूक सर्वत्र घातक नाही. पंखांवरील उत्थापक बलही घनता व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावरच अवलंबून असते. त्यामुळे विमान कोणत्या वेगाखाली तरंगेनासे होईल, हे काट्यावरील आकडा उंचीचा विचार न करता सांगतो. खरी दुरुस्ती मार्गनिर्धारणासाठी हवी असते. धावपट्टीच्या लांबीसाठीही ती विचारात घ्यावी लागते, कारण विरळ हवेत काटा तोच असताना चाके जमिनीला अधिक वेगाने टेकतात. वैमानिक उंचीमापक व तापमापक यांवरून घनता काढून ही दुरुस्ती करतात. आवाजाच्या वेगाच्या सु. तिसऱ्या हिश्श्यापुढे हवा नळीच्या तोंडाशी लक्षात येण्याइतकी दाबली जाते व साधे सूत्र अपुरे पडते.

नळीच कोंदली तर घनतेचा प्रश्न मागे पडतो. कीटकांचे घरटे, चिखल वा बर्फ यांनी तिचे तोंड व पाणी झिरपण्याचे छिद्र अशी दोन्ही बंद झाली, की आत कोंडलेला दाब तसाच राहतो. विमान वर चढले की बाहेरचा स्थिर दाब घटतो व वेग न बदलता काटा पुढे सरकत जातो. खाली उतरताना तो मागे येतो. इंजिनाची शक्ती व विमानाचा कल तेच असताना काटा उंचीबरोबर चालू लागला, तर दोष ओळखता येतो. म्हणूनच उभ्या विमानाच्या नळीवर आवरण घालतात, आणि ते काढल्याची खात्री उड्डाणापूर्वीच्या तपासणीत करून घेतात.