अव्हेंटसची नक्कल: पहिली दहा मिनिटं आणि पुढचे तास

आमच्या युसूफ वडगावात 2010 साली क्रीडनं काढलेलं अव्हेंटस कुणाच्या खिशाला परवडत नाही, पण त्याची नक्कल पोरांना पाठ आहे. सगळ्यात गाजलेली म्हणजे आर्माफची 2015 ची क्लब द नुई इंटेन्स मॅन.

नक्कल होते कशी? गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र अत्तरातले रेणू वेगळे करून दाखवतं. पण नैसर्गिक तेलात शेकडो घटक असतात, आणि काही रेणू त्यांच्या कंपन्या पेटंट घेऊन स्वतःकडेच ठेवतात. तिथं नक्कलवाला जवळचा, स्वस्त पर्याय घालतो. म्हणून आर्माफ मारल्यावर सुरुवातीला लिंबू टोचतं. अव्हेंटसमध्ये त्या जागी रसाळ अननस असतो. तासाभरानं मात्र धुरकट, कस्तुरीसारखा वास बराच जुळतो.

"पण आपलं तर जास्त टिकतं," असं पोरं सांगतात. खरंय, टिकतं! पण जड रेणू सावकाश उडतात, आणि त्यातला अँब्रॉक्सनसारखा रेणू आता कुणीही विकत घेऊ शकतो. टिकणं म्हणजे माल भारी, असं नाही. दर्जा कळतो तो सुरुवातीच्या लिंबू-संत्र्यात.

म्हणून दुकानात कागदाच्या पट्टीवर मारा, घरी न्या, तासाभरानं आणि चार तासांनी पुन्हा हुंगा. आणि "नव्व्याण्णव टक्के सेम" म्हणणाऱ्याला विचारा, कोणत्या बॅचशी? अव्हेंटसच्याच बॅचा एकमेकींशी जुळत नाहीत, असं त्याचे चाहतेच म्हणतात.