तळटीप: समोच्च रेषांवरून उतार व दरी ओळखणे

* मूळ ग्रंथकारांनी समोच्च रेषांचा निर्देश ओझरता केला असल्यामुळे येथे थोडा खुलासा आवश्यक वाटतो. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात, समुद्रसपाटीपासून समान उंचीची स्थळे जोडणाऱ्या या तपकिरी रेषा सामान्यतः २० मीटर उंचीच्या फरकाने काढलेल्या असतात. नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. तेव्हा लगतच्या दोन रेषांत एवढे अंतर असल्यास २५ मीटर चालावे तेव्हा एक मीटर चढावे लागते, आणि असा उतार बैलगाडीसही सोसतो. तेच अंतर दोन मिलिमीटरांवर आले की चढ पाचास एक होऊन धाप लागते, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याप्रमाणे रेषा एकमेकींस चिकटल्या की तेथे वाट शोधणे व्यर्थ. मात्र दोन रेषांच्या दरम्यान दडलेला दहा-पंधरा मीटरांचा कातळ या रेषांवरून मुळीच कळत नाही. दरीचा प्रकार किंचित फसवा आहे. वळलेल्या रेषेचे टोक चढत्या आकड्यांकडे असेल तर दरी, उतरत्या आकड्यांकडे असेल तर डोंगराची सोंड. आकृती दोन्हींची सारखीच असल्याने, ठळक रेषांवरील आकडे न वाचता अंदाज बांधणारा नवखा ओढ्यात उतरावयाचा तो सोंडेवर जाऊन उभा राहतो. टोकांमधून ओढ्याची रेघ गेलेली असल्यास संशय उरत नाही. परंतु ती निळीच असेल असे समजू नये, कारण उन्हाळ्यात आटणारे ओढे या नकाशांत काळ्या रंगाने दाखवितात. — संपादक