फोन नंबर लगेच सांगतात, पण सकाळचे आठवत नाही: स्मरणशक्तीच्या दोन चाचण्या काय सांगतात?

पक्षाघात, मेंदूज्वर किंवा डोक्याला मार लागल्यानंतर रुग्णाची स्मरणशक्ती तपासली जाते. त्या रिपोर्टवर बहुधा दोन वेगळे आकडे असतात. एक अंक-पुनरुक्तीचा, म्हणजे डिजिट स्पॅनचा. त्यात डॉक्टर अंक वाचतात आणि रुग्ण ते लगेच त्याच क्रमाने म्हणून दाखवतो. दुसरा असतो शब्दयादी २० ते ३० मिनिटांनी आठवण्याचा. समजा, तुमच्या वडिलांना पहिल्या चाचणीत सहा अंक सांगता आले, पण १५ शब्दांपैकी अर्ध्या तासाने फक्त एक आठवला. घरचे विचारतात, "डॉक्टर, अंक तर पटापट सांगितले. मग लक्ष देत नाहीत का?"

बहुतेक वेळा लक्ष न देण्याचा प्रश्न नसतो. मेंदूत ही दोन कामे बऱ्याच अंशी वेगवेगळ्या यंत्रणा करतात. हे कशावरून कळले, ते समजून घेतले तर रिपोर्ट वाचणे सोपे जाते.

एकच रुग्ण का पुरत नाही?

घरातला व्होल्टेज कमी झाला की बल्ब मिणमिणत का होईना लागतो, पण पाण्याची मोटर सुरू होत नाही. यावरून बल्ब आणि मोटर वेगळ्या लाइनवर आहेत असे म्हणता येईल का? नाही. दोन्ही एकाच लाइनवर असतील, फक्त मोटरला जास्त वीज लागते. पण शेजारच्या घरी नेमके उलटे दिसले, म्हणजे मोटर व्यवस्थित चालू आणि बल्ब बंद, तर "मोटरला जास्त वीज लागते" हे स्पष्टीकरण तिथे लागू पडत नाही. दोन्ही घरांचे वायरिंग सारखेच असेल, तर बल्ब आणि मोटर यांच्या वाटा कुठेतरी वेगळ्या असणार.

मेंदूबाबतही तसेच आहे. एका रुग्णाला अंक येतात पण यादी आठवत नाही, एवढ्यावरून फक्त यादीचे काम अवघड आहे असेही म्हणता येते. उलट नमुन्याचा दुसरा रुग्ण सापडला की तो आक्षेप गळतो. या जोडीला डबल डिसोसिएशन म्हणतात. हा शब्द हान्स-लुकास टॉयबर यांनी १९५५ मध्ये वापरात आणला.

दोन रुग्ण

पहिला रुग्ण अनेक वर्षे एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखला जात होता. २००८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर हेन्री मोलेसन हे नाव जाहीर झाले. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये अमेरिकेत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग, हिप्पोकॅम्पसच्या बऱ्याचशा भागासह, काढण्यात आला. झटके कमी झाले, पण त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनात. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांची वर्षानुवर्षे तपासणी केली. त्यांना साधारण सहा अंक लगेच म्हणता येत, म्हणजे सर्वसामान्य माणसाइतकेच. एकदा ५८४ हा आकडा मनात घोळवत त्यांनी तो १५ मिनिटे टिकवला. लक्ष दुसरीकडे गेले आणि थोड्याच वेळात आकडा गेलाच, शिवाय आपल्याला तो लक्षात ठेवायला सांगितला होता हेही ते विसरले.

दुसरा रुग्ण के. एफ. याला तरुणपणी मोटारसायकलचा अपघात झाला आणि मेंदूच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात इजा झाली. लंडनमध्ये एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी त्याची तपासणी १९६९ आणि १९७० मध्ये प्रसिद्ध केली. ऐकलेले दोनपेक्षा जास्त अंक त्याला खात्रीने परत सांगता येत नसत. पण शब्दांची यादी पुन्हा पुन्हा ऐकवली, तर ती तो इतरांसारखीच शिकत असे आणि नंतरही त्याला ती आठवत असे.

त्या काळचे प्रचलित मत असे होते की माहिती आधी अल्पकालीन स्मृतीच्या दारातून आत येते आणि मगच दीर्घकाळ साठते. के. एफ.चे ते दार जवळपास बंद होते, तरी आत माल पोहोचत होता. माझ्या मते या जोडीतला हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे. एच. एम. एकट्यावरून ही गोष्ट कधीच कळली नसती.

निष्कर्ष कुठपर्यंत ताणावा

हा युक्तिवाद टिकण्यासाठी एक अट असते. प्रत्येक रुग्णाची शाबूत राहिलेली क्षमता निरोगी माणसाच्या जवळपास असायला हवी, आणि त्या चाचणीत तो दुसऱ्या रुग्णापेक्षा स्पष्टपणे सरस ठरायला हवा. दोघेही दोन्हीत कच्चे असतील, फक्त एक इकडे आणि दुसरा तिकडे थोडा अधिक कच्चा असेल, तर निष्कर्ष ढिला पडतो. इथे अंकांत एच. एम. आणि यादीत के. एफ. साधारण सामान्य होते. पुढे दोन्ही प्रकारचे आणखी रुग्णही सापडले, त्यामुळे हा एखाद्या माणसाच्या मेंदूतला योगायोग नाही.

तरीही "स्मरणशक्तीचे दोन स्वतंत्र कप्पे आहेत" असे म्हणणे जरा जास्तच होते. के. एफ.ला तेच अंक डोळ्यांनी दाखवले तर त्याची कामगिरी सुधारत असे. म्हणजे त्याची सगळी अल्पकालीन स्मृती नव्हे, तर मुख्यतः कानांनी ऐकलेले शब्द धरून ठेवण्याची क्षमता बिघडली होती. शिवाय यंत्रणा वेगळ्या असल्या, तरी एकमेकींना माहिती देऊ शकतात, आणि काही भाग दोघींना लागतही असतील. मेंदूतली नेमकी जागाही या जोडीवरून निश्चित होत नाही, कारण दोघांच्याही इजा मोठ्या होत्या.

तुमच्या घरच्या रुग्णासाठी

वरच्या उदाहरणातल्या वडिलांचा रिपोर्ट एच. एम.च्या बाजूचा आहे. त्यांना "गोळी जेवणानंतर घ्या" सांगितले आणि त्यांनी ते लगेच बरोबर म्हणून दाखवले, तर ते अर्ध्या तासाने लक्षात राहील असे समजू नका. औषधे आठवड्याच्या खणांच्या डबीत भरा, घेतली की वहीत खूण करा आणि डोस कोणीतरी स्वतः पाहा. "आत्ताच तर सांगितले ना!" या वाक्याचा इथे उपयोग होत नाही, कारण ते आत्ताचे त्यांनी खरोखरच ऐकले होते.

याउलट, कालची गोष्ट सविस्तर सांगणारा रुग्ण "आधी गॅस बंद कर, मग दार लाव आणि चावी आण" ऐकून गोंधळत असेल, तर एका वेळी एकच सूचना द्या किंवा लिहून द्या. अंकांचा आकडा कमी आला तर आधी ऐकू येते का आणि बोलण्यात दोष आहे का, ते तपासून घ्या. चाचणी रुग्णाच्या मातृभाषेत झाली का आणि शिक्षण लक्षात घेऊन गुण लावले का, हेही विचारा. नैराश्य, अपुरी झोप आणि झोपेच्या गोळ्या यांनीही गुण खाली येतात.

एका रिपोर्टवरून "अमुक भाग बिघडला" असे ठरत नाही. डॉक्टर तो एमआरआय आणि घरच्यांनी सांगितलेल्या रोजच्या गोष्टींशी ताडून पाहतात. म्हणून पुढच्या भेटीला दोन-तीन प्रसंग लिहून न्या: काय सांगितले होते, किती वेळाने विसरले, आणि आठवण करून दिल्यावर आठवले का.