अर्ज कोणाच्या नावे?

काशीचा पूर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पाण्याखाली गेलेले घाट येतात. गावकऱ्याचा पूर मात्र निराळा असतो. गंगा चढली की वरुणेच्या पाण्याला वाट मिळत नाही. गंगेचेच पाणी मागे रेटत वरुणेत शिरते आणि काठच्या शेतांत सावकाश पसरते. अशा वेळी गाव आणि पाणी यांच्यामध्ये मातीचा एक बांध तेवढा असतो. त्याच्या दुरुस्तीचा अर्ज कोणाकडे करावा, या प्रश्नाचे उत्तर दोन शतकांत बदलत गेले आहे.

बनारस प्रांतात १७९५ साली कायमधारा लागू झाला. तेव्हापासून गाऱ्हाणे आधी जमीनदाराकडे जाई. बांध बांधायचा की नाही, हे बरेचसे त्याच्या मर्जीवर असे. १ जुलै १९५२ रोजी उत्तर प्रदेशात जमीनदारी संपली. तळी, पाणवाटा, गावरस्ते गावसभांकडे आले, तर नदीकाठचे मोठे तटबंध पाटबंधारे खात्याच्या कक्षेत राहिले. गावकऱ्याला हा भेद ठाऊक नसतो. तो जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहितो आणि कागद टेबलांवरून फिरत राहतो. वाराणसीत असे काम पाटबंधारे खात्याच्या ‘बंधी प्रखंडा’चे, अर्जाची प्रत तिथे पोहोचली नाही, तर पाहणीही होत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. मातीचा भराव थराथराने टाकून, बेताचा ओलावा राखून दाबावा लागतो. चिखल दाबला जात नाही. म्हणून अर्ज उन्हाळ्यात नव्हे, हिवाळ्यातच जायला हवा. अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा यांत महिने जातात, आणि जूनच्या मध्यापर्यंत काम संपलेले असावे लागते.

तिसरा प्रश्न मजकुराचा. ‘बांध खराब आहे’ या वाक्यावर अभियंता काही करू शकत नाही. समजा, अर्जात असे लिहिले: पुलापासून इतक्या अंतरावर उंदरांची बिळे आहेत, पावसाने उतारावर घळी पाडल्या आहेत, आणि मागच्या पुरात गावाच्या बाजूने गढूळ पाणी झिरपत होते. यातला शेवटचा तपशील सर्वांत मोलाचा. स्वच्छ पाणी झिरपले तर लक्ष ठेवून भागते. गढूळ पाणी आतली माती वाहून नेत असते, आणि बांध तिथेच फुटतो.

उंचीचेही तसेच. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या सप्टेंबरात नदी ७३.९० मीटरपर्यंत चढली, म्हणजे अडीच मीटरहून अधिक वर. त्या वर्षीच्या पाण्याची खूण गावातल्या एखाद्या भिंतीवर अजून असेल, तर बांधाचा माथा तिच्याहून किती खाली आहे हे दोरीने मोजून लिहावे. असे मोजमाप जोडलेला अर्ज निकाली काढणे कारकुनाला सोपे नसते. ‘दखल घेतली’ असा शेरा मारून तो बाजूला ठेवता येत नाही.

जमीनदाराची मर्जी गेली, तिची जागा नियमाने घेतली. नियम मर्जीइतका लहरी नसतो, परंतु गावकऱ्याने त्याच्याच भाषेत लिहावे अशी त्याची अपेक्षा असते. ती भाषा गावाला शिकवणे हेही प्रशासनाचेच काम आहे.